फिलाडेल्फियाचा उंबरठा
(परदेशी डॉक्टरांच्या अमेरिकी परीक्षांचा पूर्वेतिहास व टप्प्यांचा हिशेब)

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घराण्यांस प्रथम परिचित झाले ते कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. १८८३ साली त्या तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ च्या मार्च महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या पदवीच्या बळावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. परदेशी विद्यापीठाची पदवी आपल्या देशात चालेल की नाही, असा प्रश्न त्या वेळी कोणीही उपस्थित केला नाही. दुर्दैवाने १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे देहावसान झाले व ती जागा त्यांच्याविना राहिली.

आज प्रवाह उलट दिशेने वाहतो. येथे पदवी घ्यावी आणि तेथे व्यवसाय करावा, अशी आकांक्षा धरणारी मुले-मुली आपल्या ज्ञातीतही दरवर्षी निघतात, आणि योगायोग असा की त्यांच्या कागदपत्रांची छाननी ज्या संस्थेत होते तिचे ठाणे त्याच फिलाडेल्फियात आहे. ह्या संस्थेचा व तिच्या परीक्षांचा इतिहास मी मुद्दाम अभ्यासला, त्याचे कारण आपल्या शिक्षण-साहाय्य समितीपुढे आलेला एक अर्ज होय. त्या अर्जाकडे पुढे वळेन. प्रथम हे नियम कोठून आले ते पाहू. एकेका नियमामागे एकेक घडलेली गोष्ट आहे आणि ती ठाऊक असल्यास नियम लक्षात राहतो, हा माझा वर्गातील अनुभव येथेही खरा ठरला.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना देणारे एक सरकार नाही. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात डेंट नावाच्या एका वैद्याने राज्याच्या परवाना-कायद्यास आव्हान दिले, तेव्हा १८८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वैद्यांची पात्रता तपासण्याचा अधिकार राज्यास आहे. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक राज्याचे स्वतंत्र वैद्यकीय मंडळ परवाना देते. म्हणून ज्यास आपण घरोघरी “अमेरिकेची परीक्षा” म्हणतो ती उत्तीर्ण झाल्याने परवाना हाती पडत नाही. मार्गात तीन निरनिराळे उंबरठे आहेत. पहिला, फिलाडेल्फियाच्या संस्थेचे प्रमाणपत्र. दुसरा, एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून, म्हणजे ‘रेसिडेन्सी’साठी, मिळणारी जागा. तिसरा, राज्याचा परवाना. तिन्ही ठिकाणी निर्णय करणारे निराळे आणि मुदतीही निराळ्या. पालकांच्या बहुतेक अपेक्षाभंगाचे मूळ हे तीन एकच समजण्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रुग्णालये वाढली, शिकाऊ डॉक्टरांच्या जागा वाढल्या. परंतु तेथील महाविद्यालयांतून बाहेर पडणारे पदवीधर त्या जागांस पुरेनात. साहजिकच युरोप व आशियातील डॉक्टर तेथे जाऊ लागले. कोणाची पदवी स्वीकारावी? प्रारंभी तेथील संस्थांनी चांगल्या परदेशी महाविद्यालयांची यादी करून पाहिली. जगभरची महाविद्यालये प्रत्यक्ष तपासणे शक्य नव्हते, त्यामुळे यादी अपुरी राहिली व यादीबाहेरील गुणी माणसावर अन्याय होऊ लागला. तेव्हा विचार पालटला. महाविद्यालयाची परीक्षा घेण्याऐवजी डॉक्टरचीच घ्यावी, असे ठरले. त्यासाठी १९५६ साली एक संस्था स्थापन झाली. तीच आजची एज्युकेशनल कमिशन फॉर फॉरिन मेडिकल ग्रॅज्युएट्स, थोडक्यात ई.सी.एफ.एम.जी. तिचे पहिले कार्यकारी संचालक डॉ. डीन स्मायली हे होत. मार्च १९५८ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. वैद्यकाचे प्रश्न आणि इंग्रजी समजते की नाही याची चाचणी, एवढाच तिचा पसारा होता. उत्तीर्ण व्हावे, प्रमाणपत्र घ्यावे आणि बोट अथवा विमान गाठावे! आपल्याकडील जी वडीलधारी डॉक्टर मंडळी साठीच्या दशकात गेली, त्यांच्या तोंडी “ई.सी.एफ.एम.जी. दिली” एवढेच वाक्य असे, ते ह्यामुळे. ते त्या काळापुरते खरे होते. आज काकांचे ते वाक्य प्रमाण मानून पुतण्याने बेत आखल्यास तो फसेल.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर स्वाक्षरी केली. आशियातील लोकांवरील जुने कडक निर्बंध उठले आणि डॉक्टरांचा ओघ वाढला. इकडे भारतात त्याची चिंता वाटू लागली. सरकारी खर्चाने शिकविलेला डॉक्टर परदेशी जाणार, मग आपल्या खेड्यांनी काय करावे? ही परीक्षा भारतात होऊ देणे बंद झाले, आणि सत्तरच्या दशकातील कित्येक तरुण डॉक्टर केवळ परीक्षेसाठी परदेशातील केंद्रे गाठीत. ज्याच्यापाशी विमानभाड्याची सोय होती तो गेला व नव्हती तो राहिला, एवढाच त्या बंदीचा परिणाम झाला असे माझे मत आहे. खेड्यांस त्यामुळे डॉक्टर मिळाले नाहीत.

अमेरिकेतही वारे फिरले. १९७६ साली तेथील काँग्रेसने कायदा करून जाहीर केले की आता देशात डॉक्टरांची टंचाई उरलेली नाही, आणि परदेशी डॉक्टरला व्हिसा हवा असेल तर त्याने अधिक अवघड परीक्षा दिली पाहिजे. त्यानुसार १९७७ पासून व्हिसासाठी निराळी परीक्षा सुरू झाली. १९८४ पासून तिची जागा दुसरीने घेतली. अमेरिकन विद्यार्थ्यांस एक परीक्षा व परदेशीयांस दुसरी, हा भेद तसाच चालू राहिला. तो अखेर १९९२ ते १९९४ ह्या काळात मिटला. यू.एस.एम.एल.ई. ही तीन ‘स्टेप’ची परीक्षा तेव्हा सुरू झाली व ती देशी-परदेशी सर्वांस सारखीच लागू झाली. पहिल्या स्टेपमध्ये शरीरक्रिया, रोगविज्ञान, औषधशास्त्र इत्यादी पायाभूत विषय. दुसऱ्या स्टेपमध्ये प्रत्यक्ष रुग्णचिकित्सेचे ज्ञान. तिसऱ्या स्टेपमध्ये स्वतंत्रपणे रुग्ण सांभाळण्याची कुवत. पहिल्या दोन स्टेप भारतात, मुंबईच्या केंद्रातही, देता येतात. तिसरी अमेरिकेच्या भूमीवरच द्यावी लागते.

ह्या इतिहासातील एक प्रकरण मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण त्याची झळ आपल्या मुलांस अद्याप लागते. १९८४ च्या सुमारास उघडकीस आले की डोमिनिकन रिपब्लिकमधील दोन महाविद्यालयांच्या नावाने वैद्यकीय पदव्या चक्क विकल्या गेल्या होत्या. पैसे भरून ‘डॉक्टर’ झालेले काही लोक अमेरिकेतील रुग्णालयांपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या संस्थेने उमेदवाराने दाखविलेल्या कागदावर विसंबणे सोडले. पदवी खरी आहे की नाही, हे ती संस्था आता थेट त्या महाविद्यालयास विचारते आणि महाविद्यालयाचे उत्तर आल्याखेरीज प्रमाणपत्र देत नाही.

नियम योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रात त्याची गाठ आपल्या नावे लिहिण्याच्या पद्धतीशी पडते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे; काही प्रमाणपत्रांवर त्यापुढे आईचेही. पारपत्रावर नाव व वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. मुलीचे लग्न झाले की आधारपत्र एका नावाचे व पदवी दुसऱ्या नावाची. आपणांस ह्यात काही वावगे वाटत नाही. परंतु परदेशातील कारकुनास हे दोन निरनिराळे इसम वाटतात. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रावरील नाव व पारपत्रावरील नाव जुळले नाही तर उमेदवारास केंद्रात घेत नाहीत, आणि पदवीवरील नाव संस्थेच्या नोंदीशी जुळले नाही तर निराळे पुरावे द्यावे लागतात. मी स्वतः चाळीस वर्षे शाळेच्या रजिस्टरात नावे लिहिली आहेत. दहावीच्या अर्जावर एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर ते पुढे कोठे जाऊन अडते, हे मला निवृत्तीनंतर समजले. पालकांनी नोंदणी करण्यापूर्वी दहावीचे प्रमाणपत्र, पारपत्र व पदवीचे कागद एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षरशः वाचावेत. फरक असेल तर तो प्रथम दुरुस्त करावा, नोंदणी मागाहून.

१९९८ साली आणखी एक पायरी वाढली. ज्ञान लेखी परीक्षेत कळते, पण रुग्णाशी नीट बोलता येते का, त्यास तपासता येते का, हे कसे कळावे? म्हणून रुग्णाची भूमिका करणारी माणसे बसवून प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली, आणि प्रारंभी ती केवळ फिलाडेल्फियातच होत असे. नाशिकच्या किंवा नांदेडच्या मुलास एका दिवसाच्या परीक्षेसाठी व्हिसा काढून समुद्र ओलांडावा लागे. २००४ पासून ही परीक्षा अमेरिकन विद्यार्थ्यांसही लागू झाली व पाच शहरांत होऊ लागली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ती स्थगित झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची रद्द झाली. तिच्या जागी परदेशी पदवीधरांसाठी ‘पाथवे’ नामक पर्याय आले. उमेदवाराने स्वदेशात डॉक्टरकीचा पूर्ण परवाना मिळविला असेल, तर त्याच्या आधारे त्याचे प्रात्यक्षिक कौशल्य मान्य होऊ शकते. आपल्याकडे हा परवाना म्हणजे इंटर्नशिपनंतर राज्य वैद्यक परिषदेकडून मिळणारी कायम नोंदणी. त्याखेरीज ओ.ई.टी. ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा सर्वांस द्यावी लागते. पाथवेचे अर्ज त्या-त्या हंगामापुरते मागविले जातात व नियमांत दरवर्षी थोडा बदल होतो. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राची माहितीही म्हणून ताडून पाहावी.

लगेच २६ जानेवारी २०२२ पासून दुसरा मोठा बदल झाला. पहिल्या स्टेपचे गुण देणे बंद झाले व केवळ ‘उत्तीर्ण’ अथवा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच निकाल लागू लागला. विद्यार्थ्यांवरील ताण कमी व्हावा, हा हेतू. परदेशी उमेदवारास मात्र ह्यामुळे निराळ्या पेचात टाकले. पूर्वी अनोळखी महाविद्यालयाचा मुलगा पहिल्या स्टेपला उत्तम गुण मिळवून लक्ष वेधून घेई. आता तोलून पाहण्यासारखा आकडा दुसऱ्या स्टेपचाच उरला. तिची उत्तीर्णतेची रेषा १ जुलै २०२५ पासून २१८ आहे. परंतु केवळ रेषा ओलांडणाऱ्यास जागा मिळणे कठीण. आणि येथे नियम असा की एकदा उत्तीर्ण झालेली स्टेप गुण वाढविण्यासाठी पुन्हा देता येत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास मात्र जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि प्रत्येक अपयश नोंदीत कायम राहते. म्हणजे कमी तयारीने दुसरी स्टेप देऊन जेमतेम उत्तीर्ण होणे, हा ह्या मार्गातील सर्वांत महाग अपघात होय. अनुत्तीर्णास निदान दुसरी संधी आहे. जेमतेम उत्तीर्णास नाही.

शिवाय एक घड्याळ आहे. पहिली उत्तीर्ण झालेली स्टेप ज्या दिवशी दिली, त्या दिवसापासून सात वर्षांच्या आत प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. कित्येक राज्येही परवान्यासाठी तिन्ही स्टेप ठरावीक वर्षांत पूर्ण झाल्या पाहिजेत अशी अट घालतात. महाविद्यालयात दोन वर्षे पुरी होताच पहिली स्टेप देता येते म्हणून उत्साही मुले ती लवकर देऊन टाकतात. मध्येच विचार पालटला, भारतात पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि पुन्हा अमेरिकेची इच्छा झाली, तर घड्याळ तोवर बरेच पुढे सरकलेले असते.

आता त्या अर्जाकडे येतो. अर्जदार मुलगी आपल्याच ज्ञातीतील. शासकीय महाविद्यालयात शिकलेली. वडील सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त. तिची इंटर्नशिप मार्च २०२६ मध्ये संपते, आणि अर्जास जोडलेल्या कागदावर तिने लिहिले होते: “जुलै २०२७ मध्ये रेसिडेन्सीस रुजू.” वडिलांनी त्यासाठी कर्ज मागितले होते व उरलेल्या रकमेसाठी घराजवळची दीड एकर जमीन गहाण टाकण्याची त्यांची तयारी होती. समितीतील एका डॉक्टर सदस्यांसह मी तो कागद घेऊन बसलो. आम्ही शेवटाकडून मागे मोजीत गेलो.

रेसिडेन्सी साधारणतः १ जुलैस सुरू होते. जागा ठरतात त्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, ‘मॅच’ नावाच्या पद्धतीने. उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहितो, रुग्णालये आपल्या पसंतीचे उमेदवार लिहितात, व यंत्र दोन्ही याद्या जुळविते. मॅचच्या सुमारे दोन आठवडे आधी याद्या बंद होतात. तोवर परदेशी पदवीधराच्या प्रमाणपत्रासाठी आवश्यक त्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. त्यापूर्वी ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती. मुलाखतीचे बोलावणे यावे यासाठी सप्टेंबरात अर्ज, आणि त्या अर्जासोबत दुसऱ्या स्टेपचे गुण व डॉक्टरांची शिफारसपत्रे हवीत. म्हणजे जुलै २०२७ साठी सर्व काही सप्टेंबर २०२६ पर्यंत तयार हवे होते. इंटर्नशिप संपल्यापासून हाती पाच महिने, आणि त्यांत दोन स्टेप!

दुसरी गोष्ट तिच्या कागदावर नव्हतीच. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यावर एक वर्ष शासकीय सेवेची अट असते. ती पुरी करावी किंवा दंड भरावा. दंड भरण्याची ऐपत असती तर अर्जच आला नसता. म्हणजे २०२६ च्या उन्हाळ्यापासून २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत ती एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असणार, असे आम्ही धरले. वडील म्हणाले, “मास्तर, वर्ष वायाच गेलं की मग.” डॉक्टर सदस्य म्हणाले, “वाया कसं जातं, दादा? कायम नोंदणी ह्याच वर्षी घ्यायची, आणि पहिल्या स्टेपला गुण नसतात, ती केंद्रावर राहूनही होते.”

त्याप्रमाणे नवा हिशेब झाला. सेवेत असताना अभ्यास करून जानेवारी २०२७ मध्ये मुंबईस पहिली स्टेप. अभ्यास तयार झाला की नाही हे ओळखण्यास परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्याच सराव-चाचण्या मिळतात; त्यांत लागोपाठ सुरक्षित निकाल आल्याखेरीज तारीख घ्यायची नाही, असे ठरले. सेवा संपल्यावर सहा महिने केवळ दुसऱ्या स्टेपसाठी, आणि ती डिसेंबर २०२७ मध्ये. २०२८ च्या आरंभी दोन-तीन महिने अमेरिकेत एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली निरीक्षक म्हणून राहणे. यात पगार नाही, उलट खर्च आहे, परंतु तेथील डॉक्टरचे शिफारसपत्र बहुधा ह्याच मार्गाने मिळते. परतल्यावर ओ.ई.टी. व पाथवेचा अर्ज. सप्टेंबर २०२८ मध्ये रेसिडेन्सीसाठी अर्ज, मार्च २०२९ मध्ये मॅच, जुलै २०२९ मध्ये रुजू. सात वर्षांचे घड्याळ जानेवारी २०२७ पासून चालू होऊन जानेवारी २०३४ पर्यंत आहे; एक मॅच हुकला तरी ते अडवीत नाही.

जुलै २०२८ साधता आला नसता का? आला असता, पण दुसरी स्टेप सेवा संपताच महिन्या-दीड महिन्यात उरकावी लागली असती व शिफारसपत्राविना अर्ज करावा लागला असता. वर सांगितलेल्या महाग अपघाताची ती सरळ वाट होती.

आता जी गोष्ट कोणी सांगत नाही ती. २०२५ च्या मॅचमध्ये ज्या परदेशी नागरिकांनी परदेशात पदवी घेऊन भाग घेतला, त्यांपैकी शंभरात सुमारे अठ्ठावन्न जणांस पहिल्या वर्षाची जागा मिळाली. उरलेले बेचाळीस ह्या बहुतांशी परीक्षा उत्तीर्ण झालेल्याच व्यक्ती होत्या. अंतर्गत औषधशास्त्र किंवा कुटुंबवैद्यक यांत परदेशी पदवीधरांस बऱ्याच जागा मिळतात. त्वचारोग किंवा अस्थिशल्य ह्यांत फारच थोड्या. तिच्या पहिल्या कागदावर त्वचारोग लिहिले होते. ते तिने स्वतःच खोडले व अंतर्गत औषधशास्त्र लिहिले. मला तिच्या समजूतदारपणाचे कौतुक वाटले. सन २०२९ मध्ये जागा न मिळाल्यास आणखी एकदाच प्रयत्न, आणि दरम्यान भारतातील पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची वाट मोकळी ठेवायची, असेही तिने लिहून दिले. पदवीनंतर वर्षे जितकी जास्त लोटतात तितकी तेथील रुग्णालयांची पसंती उतरते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नावर पैसा लावण्यात अर्थ नाही.

पुढील हिशेब वडिलांस अधिक जड गेला. बहुतेक परदेशी डॉक्टर जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी करतात. त्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि शिक्षण संपताच दोन वर्षे मायदेशी परतावे अशी अट असते. १९९४ साली नॉर्थ डाकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने योजना झाली. तीनुसार डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास ही अट माफ होऊ शकते. मात्र प्रत्येक राज्यास वर्षाला तीसच जागा. अंतर्गत औषधशास्त्राची रेसिडेन्सी तीन वर्षांची. म्हणजे २०३२ मध्ये ती संपेल. रेसिडेन्सीच्या काळात तिसरी स्टेप होऊन राज्याचा पूर्ण परवाना त्या सुमारास मिळेल. आणि माफीची तीन वर्षे धरली तर २०३५. मार्च २०२६ पासून नऊ वर्षे. वडिलांनी बोटांवर पुन्हा मोजले. “तोवर मी सत्तरीत जाईन,” एवढेच ते म्हणाले.

त्यांनी एका खासगी वर्गाची जाहिरात बरोबर आणली होती. “मागील परीक्षेतील अचूक प्रश्न” देण्याची हमी तीत होती. त्या वर्गाचे नाव येथे देत नाही. परंतु जानेवारी २०२४ मध्ये काय घडले ते आम्ही त्यांस सांगितले. परीक्षामंडळाने नेपाळशी संबंध असलेल्या अनेक उमेदवारांच्या निकालांत संशयास्पद साम्य आढळल्याचे सांगून ते निकाल रद्द केले. फुटलेल्या प्रश्नांवर अभ्यास करणारा आपली वर्षे अशा धोक्यावर ठेवतो. जाहिरात त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

समितीने कर्ज मंजूर केले, तथापि एकरकमी नाही. पहिला हप्ता नावांचा मेळ घालून नोंदणी झाल्यावर, पहिल्या स्टेपच्या शुल्कापुरता. ते परदेशी उमेदवारास हजार डॉलरांहून अधिक पडते. दुसरा हप्ता पहिली स्टेप उत्तीर्ण झाल्यावर. तिसरा, म्हणजे प्रवासाचा व अर्जांचा सर्वांत मोठा हप्ता, दुसऱ्या स्टेपचे गुण पाहून. ते कमी आले तर तो हप्ता देण्याऐवजी मुलीशी व वडिलांशी पुन्हा बसावयाचे. अर्जाच्या छापील नमुन्यात परतफेड “परवाना मिळाल्यापासून” असे होते. ते बदलून “रेसिडेन्सीचा पगार सुरू झाल्याच्या सहाव्या महिन्यापासून” असे केले, कारण निवासी डॉक्टरास पगार मिळतो आणि परवान्याची वाट पाहिली असती तर मंडळाचा निधी २०३२ पर्यंत अडकून इतर मुलांस काही उरले नसते. जमीन गहाण टाकू नये, असे आम्ही वडिलांस सांगितले व पहिल्या दोन हप्त्यांसाठी मंडळाने तारण मागितले नाही. नमुन्यातील हा बदल कार्यकारिणीने सर्व परदेशगामी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी कायम केला असून नवा छापील अर्ज कार्यालयात मिळतो. अर्जासोबत दहावीचे प्रमाणपत्र, पारपत्र व पदवी यांच्या प्रती एकत्र जोडाव्यात.